नोकरी गेल्यावर हाती आलेली ग्रॅच्युइटी आणि भरपाई कुठे ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा शेवटचा हिशेब खात्यात जमा झाला की पहिल्या आठवड्यात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकाच घराचं घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. चाकणच्या वाहनभागांच्या कारखान्यात नियोजन विभागात काम करणारा ४४ वर्षांचा माणूस, सेवा ११ वर्षं ८ महिने, पगार महिना १,०४,००० रुपये आणि त्यात मूळ वेतन ५२,०००. ऑगस्टअखेर नोकरी गेली. बायको घरी शिकवण्या घेते, त्यातून महिन्याला १२,००० येतात. घरात दोन मुलं, आई आणि गृहकर्जाचा हप्ता.

१. नोकरी गेल्यावर नक्की कोणकोणते पैसे मिळतात, आणि सगळे एकच समजायचे का?

एकच समजू नका. कर प्रत्येकावर वेगळा लागतो आणि पैसे येण्याची वेळही वेगळी असते. म्हणून कंपनीकडून हिशेबाचा कागद घ्या आणि त्यात प्रत्येक रकमेची ओळ स्वतंत्र आहे ना ते बघा.

ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षं सलग सेवा झालेल्याला कायद्याने मिळणारी रक्कम. हिशेब सोपा आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. आपल्या उदाहरणात ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००. त्याचे पंधरा दिवसांचे ३०,००० आणि ११ वर्षं ८ महिन्यांची १२ वर्षं, म्हणजे ३,६०,००० रुपये.

भरपाई म्हणजे कंपनीने कपातीच्या बदल्यात दिलेले पैसे. इथे तीन महिन्यांचा पूर्ण पगार मिळाला, ३,१२,०००. शिल्लक रजा ४५ दिवसांची होती, तिचे ७८,०००. एकूण साडेसात लाख.

२. साडेसात लाखांतले हातात किती राहतील? कर किती कापतात?

गुंतवणुकीचा विचार करण्याआधी हे सोडवा, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

खासगी नोकरीत सूत्राने मिळालेली ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. ही मर्यादा आयुष्यभराची आहे, दर नोकरीला नवी मिळत नाही. नोकरी सोडताना मिळालेले रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त असतात, मात्र दहा महिन्यांच्या सरासरी पगारासारख्या आणखी काही अटी आहेत. आपल्या उदाहरणातले ७८,००० त्यात आरामात बसतात.

भरपाई मात्र पगारासारखीच धरली जाते आणि ती पूर्ण करपात्र असते. कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असलेल्याला कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त मिळू शकते, तशीच सवलत नियमांत बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेलाही आहे. पण इंजिनिअर, मॅनेजर किंवा आयटीतल्या बहुतेकांना यातलं काही लागू होत नाही.

नोकरी कोणत्या महिन्यात गेली यावर किती फरक पडतो बघा. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे दर धरू. ऑगस्टअखेर नोकरी गेली, तर पाच महिन्यांचा पगार ५,२०,००० आणि भरपाई ३,१२,००० मिळून ८,३२,००० होतात. प्रमाणित वजावट ७५,००० गेली की ७,५७,००० उरतात. वर्षभर दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर १२ लाखांच्या आत असल्याने कर शून्य.

आता हाच माणूस फेब्रुवारीअखेर घरी बसला असं समजा. अकरा महिन्यांचा पगार ११,४४,००० आणि वर भरपाई, म्हणजे १४,५६,०००. वजावटीनंतर १३,८१,०००. कर ८७,१५० आणि त्यावर चार टक्के उपकर, मिळून ९०,६३६ रुपये. भरपाई मिळालीच नसती तर कर शून्य होता. म्हणजे ३,१२,००० मधून नव्वद हजार बाहेर गेले. म्हणून कंपनीने टीडीएस कापला आहे का ते आधी पाहा. कापला नसेल तर तेवढी रक्कम आयकराची म्हणून बाजूला काढा, ती तुमची नाही. भरपाईवर काही सवलत मिळेल का, हा प्रश्न सीएला विचारावा. सेवेच्या वर्षांनुसार काही वेळा दिलासा मागता येतो, पण त्याचा अर्ज विवरणपत्राआधी ऑनलाइन भरावा लागतो.

३. भरपाई आली, ग्रॅच्युइटी अजून नाही. ती धरून बेत करू का?

नको. कायद्याने ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. उशीर झाला तर साधं व्याजही द्यावं लागतं आणि श्रम कार्यालयातल्या सक्षम अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पण हक्क असणं आणि खात्यात पैसे असणं यात कधीकधी महिने जातात. खर्चाचं कॅलेंडर (प्रश्न ४) फक्त हातात आलेल्या पैशांवर आखा. ग्रॅच्युइटी आली की तिची जागा प्रश्न ५ मधल्या तिसऱ्या भागात.

एक सूचना ग्रॅच्युइटीच्या अर्जाबद्दल. तो लेखी द्या आणि पोहोच घ्या. ‘एचआरशी बोलणं झालंय’ याला नंतर काही अर्थ राहत नाही.

४. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा म्हणतात. सहा महिने पुरतात का? आणि खर्च म्हणजे नक्की कोणता?

सहा महिने हा आकडा नोकरी असताना ठीक आहे. नोकरी गेल्यावर, घरात कर्जाचा हप्ता असेल आणि वय चाळिशीपुढे असेल, तर मी बारा महिने धरायला सांगतो. मधल्या हुद्द्यावरच्या माणसाला मुलाखती, नोटीस पीरियड आणि पुढे पहिला पगार यात सहज आठ-नऊ महिने जातात.

दुसरी अडचण अशी की लोक गेल्या वर्षाचा सरासरी खर्च काढतात. सरासरी फसवी असते. नोकरी गेल्यावर कंपनीचा विमा जातो आणि नवा विमा घ्यावा लागतो. शाळेची फी दर महिन्याला भरायची नसते, जूनमध्ये एकदम भरावी लागते. म्हणून पुढच्या बारा महिन्यांचं कॅलेंडर काढा आणि प्रत्येक महिन्यासमोर नेमके किती रुपये लागतील ते लिहा.

चाकणच्या घराचा हिशेब असा निघाला. गृहकर्जाचा हप्ता २१,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून १४,०००. वीज, फोन, सोसायटीचा मेंटेनन्स ५,५००. पेट्रोल आणि प्रवास ३,०००. आईची औषधं ३,५००. मुलांच्या शिकवण्या ४,०००. वर आणखी ४,०००, कारण लग्नाकार्याचा आहेर कुणी नोकरी विचारून मागत नाही. बेरीज ५५,०००. शिकवण्यांचे १२,००० वजा केले की दर महिन्याला ४३,००० कमी पडतात.

याशिवाय एकरकमी खर्च आहेत. सप्टेंबरमध्ये घरच्यांचा नवा आरोग्य विमा ३२,०००. नोव्हेंबरमध्ये शाळेचं दुसरं सत्र २४,०००. जानेवारीत गाडीचा विमा ९,०००. मार्चमध्ये मुदत विम्याचा हप्ता १७,०००. जूनमध्ये शाळेची फी ३८,०००. हे झाले १,२०,०००. बारा महिन्यांची तूट ५,१६,०००. दोन्ही मिळून ६,३६,००० रुपये.

आरोग्य विम्याची ओळ कुणी कापू नये. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवसासोबत संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ही चौकशी नोकरी असतानाच करा. नंतर केली तर आधीच्या आजारांसाठीचा वाट पाहण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो.

५. मग पैसे नक्की कुठे ठेवू? एकदा आकड्यांत सांगा.

आपल्याकडे साडेसात लाख आणि बचत खात्यात आधीचे १,१०,००० आहेत, म्हणजे ८,६०,०००. क्रेडिट कार्डाची थकबाकी ३४,००० होती, ती पहिल्याच दिवशी फेडली. कार्डावर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं, तेवढं कुठलीही ठेव देत नाही. उरले ८,२६,०००.

आता प्रत्येक रुपयाला ‘तू कधी लागणार’ एवढंच विचारायचं. किती टक्के मिळतील, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिले तीन महिने, सप्टेंबर ते नोव्हेंबर. तूट १,२९,०००, आरोग्य विमा आणि शाळेची फी ५६,०००. एकूण १,८५,००० साध्या बचत खात्यात. व्याज नाममात्र मिळतं, ते चालतं.

पुढचे नऊ महिने, डिसेंबर ते ऑगस्ट. याच्या तीन मुदत ठेवी, दुसऱ्या बँकेत. पहिली १,३८,००० ची, नोव्हेंबरअखेर संपणारी. दुसरी १,४६,००० ची, फेब्रुवारीअखेर संपणारी. तिसरी १,६७,००० ची, मेअखेर संपणारी. प्रत्येक ठेवीत पुढच्या तिमाहीची तूट आणि त्या तिमाहीतले एकरकमी खर्च आहेत. तिसरी मोठी दिसते ती जूनच्या फीमुळे. तिन्ही मिळून ४,५१,०००.

उरले १,९०,०००. हा तिसरा भाग. बारा महिन्यांच्या कॅलेंडरात त्याचं नाव कुठेही नाही, पण आईला दवाखान्यात न्यावं लागलं किंवा नोकरी बारा महिन्यांतही लागली नाही तर तोच उपयोगी पडेल. तो लिक्विड फंडात (प्रश्न ७) किंवा आणखी एका ठेवीत ठेवता येतो.

ठेव उघडताना ‘मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण’ ही खूण काढून टाका आणि मुदतीनंतर रक्कम बचत खात्यात जमा करा असं निवडा. ॲपमध्ये बहुतेक वेळा नूतनीकरण आधीच निवडलेलं असतं. मग डिसेंबरच्या एक तारखेला कळतं की ठेव पुन्हा तीन महिन्यांसाठी गेली.

६. तीन ठेवी कशाला? एक मोठी एक वर्षाची केली तर व्याज जास्त मिळतं.

मिळतं, पण किती ते मोजा. साडेचार लाखांवर एक टक्का जास्त म्हणजे वर्षाला ४,५००, महिन्याला ३७५ रुपये.

आणि ते मिळण्यासाठी ठेव वर्षभर तशीच राहायला हवी. डिसेंबरमध्ये त्यातले १,३८,००० लागले तर अनेक बँका ठेवीतून थोडी रक्कम काढू देत नाहीत, पूर्ण ठेव मोडावी लागते. मोडल्यावर एक वर्षाचा दर मिळत नाही, जितके दिवस ठेव होती तितक्या दिवसांचा दर लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. मुद्दल जात नाही, पण जास्तीच्या व्याजाचा मोह तिथेच संपतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. एक कोटीपर्यंतची वैयक्तिक मुदत ठेव मुदतीआधी मोडू देणं बँकांना बंधनकारक आहे. अपवाद पाच वर्षांच्या करबचत ठेवीचा, तिला हात लावता येत नाही. काउंटरवर कुणी ती सुचवली तर सरळ नाही म्हणा.

७. लिक्विड फंड एफडीइतका सुरक्षित आहे का?

नाही. जवळजवळ तसाच वागतो, पण तो ठेव नाही. त्यावर ठेव विमा नाही आणि परताव्याची हमी नाही. हे फंड ९१ दिवसांपर्यंतच्या सरकारी हुंड्या, बँकांची प्रमाणपत्रं आणि कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे विकत घेतात. यातली एखादी कंपनी बुडाली तर फंडाचं मूल्य एका दिवसात खाली येऊ शकतं. २०२० च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्या लिक्विड फंड नव्हत्या, पण ‘डेट फंड म्हणजे एफडीच’ असं धरून चाललेल्यांचे पैसे तेव्हा अडकले.

व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखं हे. पैसे काढण्याची सूचना दिल्यावर साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. काही योजनांत लगेच पैसे मिळण्याची सोय असते, ती एका योजनेतून दिवसाला ५०,००० रुपये किंवा शिल्लकीच्या ९० टक्के, यातलं जे कमी असेल तितकी. गुंतवल्यापासून सात दिवसांच्या आत काढले तर थोडं निर्गमन शुल्क लागतं. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिट्सवरचा नफा उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने करपात्र होतो, म्हणजे कराच्या बाबतीत ठेवीपेक्षा फार वेगळा फायदा नाही.

माझं मत असं की ज्याने आयुष्यात कधी म्युच्युअल फंड घेतलेला नाही, त्याने नोकरी गेलेल्या महिन्यात पहिल्यांदा घेऊ नये. केवायसी अडकलं, बँक खात्याची पडताळणी राहिली की तेवढ्यानेच झोप उडते. ज्याचं खातं आधीपासून चालू आहे, त्याने तिसरा भाग तिथे ठेवायला हरकत नाही.

८. आमच्या पतसंस्थेत नऊ-दहा टक्के देतात. ओळखीचे लोक आहेत. सहकारी बँक चालेल का?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पतसंस्था ही बँक नाही. तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. ओळख कितीही जुनी असो, खर्चाचे पैसे तिथे ठेवू नका.

सहकारी बँकेतल्या ठेवींना मात्र संरक्षण आहे. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी एकच लाख होती. छोट्या वित्त बँकांनाही (स्मॉल फायनान्स बँक) हाच नियम लागू आहे.

पण विमा आहे म्हणून पैसे उद्या मिळतील असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आधी पैसे काढण्यावर पूर्ण बंदी होती आणि दोन आठवड्यांनी २५,००० पर्यंतची मुभा मिळाली. पुढे ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. व्यापारी बँका यातून सुटल्या असंही नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर काही दिवस ५०,००० ची मर्यादा होती.

२०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. ज्याच्या घरात पगार नाही, त्याला नव्वद दिवस म्हणजे तीन हप्ते, एक विमा आणि कदाचित शाळेचं एक सत्र. म्हणूनच प्रश्न ५ मध्ये पहिले तीन महिने एका बँकेत आणि पुढचे नऊ महिने दुसऱ्या बँकेत ठेवले आहेत. एक बँक बंद पडली तरी दुसरीतून तीन महिने निघतात.

९. आमच्याकडे पाच लाखांपेक्षा जास्त आहेत. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तर दोनदा विमा मिळेल का?

नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखा आणि बचत, आवर्ती, मुदत अशी सगळी खाती एकत्र धरतात. पण ज्या नात्याने ठेव ठेवली ते वेगळं असेल तर वेगळी मर्यादा मिळते. तुमच्या एकट्याच्या नावावरचं खातं आणि पत्नीसोबतचं संयुक्त खातं हे दोन वेगळे ठेवीदार मानले जातात. संयुक्त खात्यात पहिलं नाव पत्नीचं असेल तर तेही वेगळं. एवढी कसरत करण्यापेक्षा आणखी एका बँकेत खातं काढणं सोपं.

१०. ज्या बँकेचं पर्सनल लोन आहे, तिथेच हे पैसे ठेवले तर काही बिघडतं का?

बिघडू शकतं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. तुमचं कर्ज किंवा कार्ड थकलं तर बँकेला तुमच्याच त्या बँकेतल्या खात्यातून थकबाकी वळती करून घेण्याचा हक्क असतो. कराराच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. हप्ते वेळेवर जात असतील तर प्रश्न नाही. पण बाराव्या महिन्यात काय होईल हे आज कुणालाच माहीत नाही. घरखर्चाचं खातं ज्या बँकेत कर्ज नाही तिथे ठेवा आणि कर्जाच्या बँकेत फक्त हप्त्यापुरते पैसे दर महिन्याला पाठवा.

पगाराच्या खात्याचंही बघा. पगार बंद झाला की ते काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसेल तर अनेक बँकांत दंड लागायला सुरुवात होते.

११. ग्रॅच्युइटीतून गृहकर्ज फेडून टाकू का? बिनव्याजी झोप लागेल.

झोप लागेल, पण पुढच्या महिन्यात दूधवाल्याला काय देणार? कर्जात भरलेले पैसे साध्या गृहकर्जात परत काढता येत नाहीत, आणि नोकरी नसताना टॉप-अप कर्ज कुणी देत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचं शुल्क नसतं. म्हणजे फेडायची संधी नोकरी लागल्यावरही तशीच राहते, आज घाई करून मिळत काही नाही.

अपवाद एक. तुमचं गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असेल, तर त्या खात्यात जादा पैसे ठेवल्याने व्याज वाचतं आणि ते परतही काढता येतात. तिसरा भाग तिथे ठेवणं हा लिक्विड फंडापेक्षाही चांगला पर्याय ठरू शकतो. फक्त काढण्याची मर्यादा दरमहा घटते का आणि किती, ते बँकेकडून लेखी घ्या. आणि प्रश्न १० इथेही लागू होतो हे विसरू नका.

१२. रक्कम जमा झाल्यापासून बँकेतून रोज फोन येतात. ‘गॅरंटीड प्लॅन’ घ्या म्हणतात.

मोठी रक्कम जमा झाली की शाखेतल्या कुणाला तरी ती दिसते. फोनवरची योजना बहुतेक वेळा विमा पॉलिसी असते. तिथे पाच वर्षं पैसे अडकतात किंवा दरवर्षी हप्ता भरावा लागतो, आणि दुसरा हप्ता भरायला तुमच्याकडे पगार नसतो.

चुकून सही झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडे खर्च वजा होऊन पैसे मिळतात. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्या. बँकेच्या त्याच माणसाला ‘रद्द करा’ असं तोंडी सांगून थांबू नका, तो तुम्हाला ३१ व्या दिवसापर्यंत ‘सर, प्रोसेसमध्ये आहे’ असंच सांगत राहील.

१३. बाजार पडलाय. आता थोडे शेअरमध्ये टाकले तर नोकरी लागेपर्यंत वाढतील ना? आणि चालू एसआयपीचं काय?

बाजाराची पडझड आणि नोकरकपात बरेचदा एकत्रच येतात, खरी अडचण ही आहे. २०२० मध्ये जानेवारीच्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के घसरला, आणि पगारकपात नि कामावरून कमी करणं त्याच वेळी सुरू झालं. १,४६,००० ची मार्च ते मेची ठेव त्या वेळी शेअरमध्ये असती, तर त्या तिमाहीला सुमारे नव्वद हजारच उरले असते. बाजार नंतर सावरला, पण हप्त्याची तारीख थांबली नाही.

चालू एसआयपी थांबवा. बहुतेक ठिकाणी ती ऑनलाइन थांबवता येते. आधी जमलेले युनिट तसेच राहतात, ते विकण्याची घाई नको. शेवटच्या गरजेला तेही आहेत.

१४. या वर्षी उत्पन्नच नाही, तर व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून फॉर्म भरू का?

‘उत्पन्नच नाही’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. ऑगस्टपर्यंतचा पगार आणि करपात्र भरपाई याच वर्षात धरली जाते (प्रश्न २). आतापर्यंत सगळे ज्याला १५जी म्हणत आले, ते घोषणापत्र म्हणजे या वर्षाच्या एकूण उत्पन्नावर माझा कर शून्य आहे असं लिहून देणं. त्यासाठी वर्षभराच्या व्याजाची बेरीजही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवी. खोटी घोषणा देणं हा गुन्हा आहे, म्हणून आधी हिशेब मांडा.

तसंही एका बँकेतलं व्याज वर्षाला ५०,००० पेक्षा कमी असेल तर टीडीएस कापलाच जात नाही. आपल्या उदाहरणातलं व्याज त्याच्या जवळपासही जात नाही. पुढच्या आर्थिक वर्षात खरंच पगार नसेल, तेव्हा हा प्रश्न पुन्हा बघा.

१५. माझं वय ५६ आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच मिळते ना?

एक अपवाद आहे. ५५ ते ६० वयात जो निवृत्तीने किंवा अन्य कारणाने नोकरीतून बाहेर पडला, त्याला निवृत्तीलाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खातं उघडता येतं. पण मिळालेल्या निवृत्तीलाभाइतकीच रक्कम भरता येते आणि कमाल मर्यादा ३० लाखांची आहे. कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, त्यात नोकरी संपल्याचा उल्लेख, मिळालेले लाभ आणि सेवेचा काळ हवा. नुसतं ‘सेवा समाप्त’ असं पत्र घेऊन गेलात तर पोस्टातला कारकून अडवेल, म्हणून शेवटच्या दिवशीच एचआरकडून हे प्रमाणपत्र मागून घ्या.

योजना पाच वर्षांची आहे, व्याज तिमाहीला मिळतं. एका वर्षाच्या आत बंद केली तर व्याज मिळत नाही. म्हणून बारा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातूनच यात टाका. पंचावन्नच्या खालच्यांना हा रस्ता नाही.

१६. पीएफ पण काढून घेऊ का?

शेवटी. ईपीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, तेवढं सुरक्षित व्याज बचत खात्यात किंवा छोट्या ठेवीत मिळत नाही. नोकरी सुटली तरी खात्यात व्याज जमा होत राहतं. बेरोजगारीत ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली बारा महिन्यांनी काढू द्यायचा निर्णय ईपीएफओच्या केंद्रीय मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. आधी तिन्ही ठेवी संपू द्या, मग तिसरा भाग, मगच पीएफ.

१७. पाचव्याच महिन्यात नोकरी लागली. उरलेल्या ठेवी मोडून गुंतवू का?

मोडू नका, संपू द्या. नव्या नोकरीतला प्रोबेशन काळ हा पुन्हा नोकरी जाण्याचा काळ असतो, आणि नव्या कंपनीत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं शून्यापासून मोजली जातात. म्हणजे पुढच्या वेळी ३,६०,००० ची ती ओळ हिशेबात नसेल. आपल्या उदाहरणातल्या माणसाला जानेवारीत नोकरी लागली. फेब्रुवारीची आणि मेची ठेव त्याने मुदतीपर्यंत ठेवली, जूनची फी तिच्यातूनच भरली आणि उरलेली रक्कम प्रोबेशन संपल्याचं पत्र आल्यावर गृहकर्जात भरली. १,९०,००० अजून जागच्या जागी आहेत.